टाकीच्या झाकणावरची गाडी

९ नोव्हेंबर २०२५, डोंबिवली

आमच्या सोसायटीतल्या ११ नंबरच्या पार्किंगचे सभासद,


जिन्यात भेटलो असतो तर मी तुम्हाला ‘अरे’ म्हणूनच हाक मारली असती. तुम्हाला मी हाफ पँटमध्ये पाहिलं आहे, आणि तुमच्या वडिलांबरोबर, अण्णांबरोबर, वीस वर्षं रोज सकाळी गेटजवळ उभं राहून पेपरवर बोललो आहे. हे पत्र मात्र सोसायटीचा सचिव म्हणून लिहितोय, म्हणून ‘तुम्ही’. ते खुलं ठेवण्याबद्दल परवा फोनवर तुम्हाला विचारलं होतं आणि तुम्ही हरकत घेतली नाहीत. नाव, फ्लॅटचा नंबर, गाडीचा नंबर यातलं काहीच इथे देत नाही. पत्र खुलं ठेवण्याचं कारण एवढंच की, शेजारच्या चार सोसायट्यांच्या सचिवांशी बोललो तर प्रत्येकाच्या आवारात अशी एक तरी गाडी निघाली. चौघांनाही तिचं काय करायचं ते नीट ठाऊक नव्हतं. मलाही सहा महिन्यांपूर्वी ठाऊक नव्हतं.

तुमची पांढरी गाडी मे २०२४ पासून जागची हललेली नाही. शेवटची ती अण्णांनीच हलवली होती. टाकी धुण्याचा दिवस होता. सकाळी सात वाजता ते हातात चहाचा कप घेऊन खाली आले, गाडी गेटबाहेर लावली, आणि दुपारी काम संपल्यावर वॉचमनने बेल वाजवायच्या आत परत आणून ठेवली. जुलैमध्ये अण्णा गेले. त्यानंतर गाडीचा विषय काढणं मला जमलं नाही. ते वर्ष मी मुद्दामच जाऊ दिलं, आणि ते चुकलं असं आज वाटतं.

११ नंबरची जागा इतर जागांसारखी नाही, हे तुम्हाला कदाचित कुणी सांगितलंच नसेल. आपली पिण्याच्या पाण्याची जमिनीखालची टाकी साधारण ४० हजार लिटरची आहे आणि तिला दोन तोंडं आहेत. एक पंपरूमजवळ आहे. दुसरं ११ नंबरच्या पिवळ्या पट्ट्यांच्या बरोबर मधोमध येतं, म्हणजे गाडीच्या पोटाखाली. बिडाचं झाकण आहे ते. जागावाटपाच्या पत्रात म्हणूनच एक ओळ लिहिलेली आहे, की टाकीच्या कामासाठी कळवल्यावर गाडी हलवावी लागेल. अण्णांनी ती ओळ वर्षानुवर्षं पाळली.

टाकी आपण वर्षातून दोनदा धुतो, मे आणि नोव्हेंबरमध्ये. आधी पाणी वापरून वापरून फूटभरावर आणायचं, मग गढूळ पाणी पंपाने काढायचं, तळाचा गाळ भरून वर द्यायचा, भिंती घासायच्या, पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवायच्या, आणि शेवटी क्लोरीन मारून पहिलं पाणी सोडून द्यायचं. हे सगळं करायला माणूस आत उतरतो. तो उतरतो तेव्हा दोन्ही झाकणं उघडी लागतात. एका तोंडातून पंख्याने हवा आत ढकलायची आणि दुसऱ्यातून ती बाहेर पडू द्यायची. एकच तोंड उघडं असेल तर लांबच्या कोपऱ्यातली हवा तशीच कोंडून राहते, आणि नेमका त्याच कोपऱ्यात गाळ जास्त साचतो.

नोव्हेंबर २०२४ मध्ये आपण टाकी एकाच झाकणातून धुतली. गाडी हलली नाही, ठेकेदार ‘जमवतो’ म्हणाला, आणि मी मान डोलावली. आत दोन मुलं होती. एकजण वर आला तेव्हा त्याचा चेहरा पांढरा पडला होता. पायरीवर बसून तो बराच वेळ नुसता श्वास घेत राहिला. मार्च २०२५ मध्ये मुंबईत नागपाडा भागात एका बांधकाम चालू असलेल्या इमारतीच्या टाकीत उतरलेले चार कामगार गुदमरून गेले. ती बातमी वाचताना माझ्यासमोर आपल्या पायरीवरचा तो मुलगा उभा राहिला. मे महिन्यात ठेकेदाराने स्वतःहून सांगितलं, दुसरं झाकण उघडल्याशिवाय माणूस उतरवणार नाही. तो बरोबर होता आणि मी त्याला एका शब्दाने आग्रह केला नाही. त्यामुळे आपली टाकी आता वर्षभर धुतलेली नाही. ४२ घरं ते पाणी पितात, तुमचं घरही.

गेल्या रविवारी, २ तारखेला, मी आणि खजिनदार टॉर्च घेऊन तुमच्या गाडीखाली पाहायला बसलो. पुढच्या बाजूला रेडिएटरच्या खाली फरशीवर हिरवट डाग दिसला. बोट लावलं तर चिकट लागला. इंजिन थंड ठेवायला रेडिएटरमध्ये घालतात ते कूलंट आहे ते. रबरी पाइप उभ्या उभ्या वाळतात, जोडाशी चिरतात, आणि तिथून ते थेंब थेंब सुटतं. त्यात ग्लायकॉल असतं आणि ते पोटात गेलं तर विषारी ठरतं. डाग झाकणाच्या कडेपासून जेमतेम वीतभर अंतरावर आहे. झाकणाच्या खाचेतली रबरी पट्टी जुनी झाली आहे. तीही बदलायची आहे, पण झाकण उघडल्याशिवाय कशी बदलणार? थेंब टाकीत गेलाय असं मी म्हणत नाही. पाण्याचा नमुना तपासायला दिला आहे. पण फरशीचा उतार झाकणाकडे आहे, आणि ते पाहिल्यापासून माझ्या डोक्यातून ते जात नाही.

मग कव्हर उचललं. पावसाळ्यात ते बॉनेट आणि काचेच्या मधल्या खोबणीत खचलं होतं आणि त्या पन्हाळीत वाटीभर पाणी होतं. दिवाळीच्या सुमारास पडलेल्या पावसाचं असावं. पाण्यात अळ्या वळवळत होत्या. डेंगी पसरवणारा डास अशाच साठलेल्या स्वच्छ पाण्यावर वाढतो, आणि अंड्यापासून उडता डास व्हायला त्याला आठ-दहा दिवस पुरतात. नुसतं पाणी ओतून देणंही पुरत नाही. त्याची अंडी कडेला चिकटून कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने जिवंत राहतात आणि पुढच्या पाण्यात फुटतात. म्हणून कव्हर काढून ब्रशने घासून वाळत घातलं आहे. ते पंपरूमच्या दाराला टांगलेलं आहे, तुमचंच आहे, घेऊन जा.

गाडी ढकलून पाहावी म्हणून चौघांनी हात लावला, पण ती जराही सरकली नाही. गिअरमध्ये नव्हती, हँडब्रेक ओढलेला होता. किल्ली तुम्ही दिली होतीत, म्हणून दार उघडून हँडब्रेक सोडला. दांडा खाली गेला, मागची चाकं मात्र तशीच जखडलेली. गॅरेजवाल्याला बोलावलं. त्याने सांगितलं की मागच्या चाकांत ड्रम ब्रेक आहेत. हँडब्रेक ओढून ठेवला की आतले ब्रेक शू ड्रमला दाबून बसतात, आणि दोन पावसाळ्यांची ओल मिळाली की मधला गंज त्यांना जणू चिकटवून टाकतो. दांडा सोडला तरी शू सुटत नाहीत. फार दिवस गाडी उभी ठेवायची असेल तर हँडब्रेक न ओढता ती गिअरमध्ये ठेवावी आणि चाकांना दगड लावावेत, हे त्याच्याकडून मला नव्याने कळलं. हे पत्र वाचणाऱ्या इतरांनाही ते उपयोगी पडेल.

बाकीची गाडीही त्याने पाहिली. बॅटरीत जीव नाही. इतके महिने रिकामी पडलेली बॅटरी चार्ज करूनही धरत नाही, ती बदलावीच लागते. टायरच्या बाजूवर चार आकड्यांचा शिक्का असतो. तुमच्या टायरवर ३६१५ आहे, म्हणजे २०१५ सालच्या ३६व्या आठवड्यात बनलेला टायर. दहा वर्षांचा झाला. बाजूच्या भिंतीला बारीक चिरा आहेत आणि जमिनीला टेकलेला भाग सपाट झाला आहे. टाकीतलं पेट्रोल जुनं होऊन त्याचा चिकट थर बसतो, आणि तसंच इंजिन चालू करायचा प्रयत्न केला तर तो पंपात आणि नळ्यांत जातो. तेव्हा मेहरबानी करून कुणाची तरी बॅटरी जोडून ‘एकदा सेल मारून बघू’ असं करू नका. गाडी चालवायची ठरलीच तर आधी जुनं पेट्रोल काढून टाकावं लागेल.

सप्टेंबरच्या सर्वसाधारण सभेत तुम्ही दोन गोष्टी बोललात. दोन्ही मनापासून होत्या, म्हणून दोन्हींचं उत्तर इथे देतो.

पहिली, ‘मी पार्किंग चार्ज वेळेवर भरतो.’ खरं आहे, एकाही महिन्याची थकबाकी नाही. पण उपविधींप्रमाणे पार्किंगची जागा वाहन असलेल्या सभासदाला वाहन उभं करण्यासाठी दिली जाते. चार्ज त्या वापराचा आहे, जागेचं ते भाडं नव्हे. आपल्याकडे गाड्यांच्या जागा २४ आहेत आणि प्रतीक्षा यादीत आज नऊ नावं आहेत. गाड्या जागांपेक्षा जास्त असल्या की चिठ्ठ्या टाकून वाटप करायचं, हीच पद्धत आदर्श उपविधींतही आहे. यादीतल्या पहिल्या बाई त्यांच्या यजमानांना आठवड्यातून तीनदा डायलिसिसला नेतात. गाडी दोन गल्ल्या पलीकडे, नाल्याच्या कडेला लावतात. परत आल्यावर आधी यजमानांना गेटजवळ उतरवतात, वॉचमनच्या खुर्चीवर बसवतात, गाडी लावून चालत येतात, आणि मग दोघं लिफ्टकडे जातात. त्यांनी तुमच्याबद्दल कधी एक शब्द काढलेला नाही. मी तो काढतोय.

दुसरी, ‘अण्णांनी ही जागा बिल्डरला पैसे देऊन घेतली होती.’ हेही खरं असेल. त्या काळात बिल्डर सर्रास पैसे घ्यायचे आणि साध्या कागदावर पावती द्यायचे. पण सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑगस्ट २०१० रोजी, मुंबईतल्या पांचाली सोसायटीच्या खटल्यात, स्पष्ट केलं की महाराष्ट्राच्या १९६३ च्या फ्लॅट मालकी कायद्याखाली, म्हणजे मोफाखाली, बिल्डरला स्टिल्टची किंवा उघडी पार्किंगची जागा स्वतंत्रपणे विकता येत नाही. ती सामाईक जागा आहे आणि सोसायटीची आहे. आपली इमारत मोफाच्याच काळातली. ११ नंबर तर उघड्यावर आहे. तेव्हा अण्णांचे पैसे गेले याचं मला वाईट वाटतं, पण त्यातून तुम्हाला या जागेची मालकी मिळालेली नाही. त्यांच्याकडे होता तो वापराचा हक्क, आणि त्यासोबत झाकणाची ती अट.

आता कमिटीला काय करता येतं आणि काय करता येत नाही, तेही सांगून टाकतो, कारण सभेत दोन-तीन जणांनी ‘टोइंगवाला बोलावून उचलून टाका’ असा आग्रह धरला होता. तसं आम्ही करणार नाही. गाडी तुमच्या कुटुंबाची मालमत्ता आहे. आम्ही ती परस्पर उचलली आणि ओरखडा आला किंवा ती कुठे हरवली, तर जबाबदारी आमच्यावर येईल, आणि ती यावीच. वाहतूक पोलीस आणि महापालिका बेवारस गाड्या उचलतात त्या सार्वजनिक रस्त्यावरच्या. सोसायटीचं आवार खासगी आहे, तिथे त्यांचा तो अधिकार चालत नाही. गाडी ढकलून गेटबाहेर ठेवा म्हणजे पालिका नेईल, असाही एक सल्ला आला होता. तो मी इतिवृत्तातसुद्धा घेतला नाही.

आम्हाला जे करता येतं ते संथ आहे आणि लेखी आहे. उपविधींचा भंग झाल्याची कारणे दाखवा नोटीस, तुमचं म्हणणं ऐकून घेणं, त्यानंतर सर्वसाधारण सभेने ठरवलेल्या मर्यादेत दंड, आणि ११ नंबरचं वाटप रद्द करून ती जागा चिठ्ठीत घालणं. एवढ्यानेही गाडी हलली नाही तर सहकार कायद्याच्या कलम ९१ खाली सहकार न्यायालयात जाऊन ती हटवण्याचा आदेश मागणं. पहिली नोटीस सप्टेंबरच्या ठरावाप्रमाणे तुम्हाला रजिस्टर पोस्टाने गेली आहे. तिच्यासोबत गाडीचे चारही बाजूंचे, खालच्या डागाचे आणि मीटरचे फोटो जोडले आहेत. त्यांच्यावर तारीख आहे आणि दोन सभासदांच्या सह्या आहेत. फोटो तुमच्याविरुद्ध काढलेले नाहीत. उद्या गाडी हलवताना काही तुटलं तर आधी काय होतं ते तुम्हालाही दाखवता यावं, यासाठी ते आहेत. न्यायालयाची वाट मात्र मला नको आहे. ती वर्षानुवर्षं चालेल, आणि टाकी तोवर थांबणार नाही.

सभेनंतर फोनवर तुम्ही जे म्हणालात, ते मला सभेत बोललेल्या दोन्ही गोष्टींपेक्षा खरं वाटलं. ‘कागद अण्णांच्या नावावर आहेत, सुरुवात कुठून करायची तेच कळत नाही.’ म्हणून मागच्या महिन्यात मी कल्याणच्या आरटीओत जाऊन विचारून आलो आणि नियमही वाचले. दोन रस्ते आहेत.

गाडी ठेवायची असेल तर ती आधी वारसाच्या, म्हणजे तुमच्या किंवा आईच्या, नावावर करावी लागेल. त्यासाठी फॉर्म ३१ आहे. मृत्यूचा दाखला, वारस असल्याचे कागद आणि इतर वारसांची संमती सोबत लागते. मालक गेल्यावर तीस दिवसांत कळवायचं आणि तीन महिन्यांत हा अर्ज करायचा, असा नियम आहे. ती मुदत उलटून गेली आहे, तेव्हा उशिराचा दंड धरून चला. दुसरं म्हणजे खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. अण्णांनी गाडी मार्च २०१० मध्ये घेतली, म्हणजे नोंदणी मार्च २०२५ मध्येच संपली. नूतनीकरण पाच वर्षांसाठी होतं, फॉर्म २५ वर, आणि गाडी तपासणीला न्यावी लागते. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या केंद्राच्या दरांप्रमाणे कारची फी ५,००० रुपये आहे आणि उशिराबद्दल महिन्याला ५०० रुपये जास्त लागतात. तुमचे आठ महिने धरले तर ४,०००. त्यावर पर्यावरण कर, नवा विमा, पीयूसी आणि उच्च सुरक्षा नंबरप्लेट. गॅरेजचा खर्च वेगळा. बॅटरी, चार टायर, ब्रेक, पाइप, टाकी साफ करणं. आकडा गॅरेजवाल्याकडून लेखी घ्या आणि मगच ठरवा. दोन-तीन घरांत मी पाहिलंय, गाडी ठेवायची म्हणून ठेवतात आणि तपासणीपर्यंत कधी नेतच नाहीत.

गाडी मोडीत काढायची असेल तर तोही रस्ता आता सरळ आहे. २०२१ च्या नियमांनी नोंदणीकृत वाहन स्क्रॅपिंग केंद्रं आली आहेत. त्यांची यादी आणि अर्ज vscrap.parivahan.gov.in वर आहे. मालक हयात नसेल तर वारस अर्ज करू शकतो, कागद जवळपास तेच लागतात. आधी दोन गोष्टी पाहून घ्या. आरसी बुकवर कर्जाचा बोजा लिहिलेला आहे का? अण्णांनी कर्ज फेडल्याचं मला आठवतं, पण बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ देऊन तो बोजा उतरवला होता का, ते तपासा. नसेल तर तिथेच सगळं अडतं. आणि गाडीच्या नंबरवर जुनी चलनं बाकी असतील तर ती भरून टाका.

केंद्रवाले गाडी स्वतः येऊन नेतात आणि ‘सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट’ देतात. गाडी मोडून झाल्यावर मोडल्याचं प्रमाणपत्र देतात आणि आरटीओच्या नोंदीतून ती कायमची उतरते. पैशाचं म्हणाल तर धोरणात मोडीचा दर नव्या गाडीच्या एक्स-शोरूम किमतीच्या चार ते सहा टक्के असा धरलेला आहे. आजच्या सहा लाखांच्या लहान गाडीशी ताडून पाहिलं तर २४ ते ३६ हजार. प्रत्यक्ष भाव गाडीच्या वजनावर आणि त्या दिवसाच्या लोखंडावर ठरतो, म्हणून दोन केंद्रांना विचारा. पुढे नवी गाडी घेतलीत तर ते डिपॉझिटचं प्रमाणपत्र दाखवून नोंदणी फी माफ होते आणि रोड टॅक्समध्ये सवलत मिळते. केंद्राच्या नियमात खासगी गाडीला २५ टक्क्यांपर्यंत मुभा आहे, प्रत्यक्षात किती ते राज्य ठरवतं. सहा लाखांच्या पेट्रोल गाडीवर ११ टक्क्यांनी ६६ हजार टॅक्स होतो. दहाच टक्के सूट धरली तरी ६,६०० रुपये वाचतात.

नाक्यावरचा भंगारवाला वॉचमनजवळ चौकशी करून गेला आहे, हे मला कळलं. तो रोख देतो आणि कागद मागत नाही. त्याला गाडी देऊ नका. आरटीओच्या नोंदीत ती अण्णांच्याच नावावर राहील. तिचं इंजिन किंवा नंबरप्लेट उद्या दुसऱ्या कुठल्या गाडीवर निघाली, तर पोलीस विचारायला तुमच्या दारात येतील आणि दाखवायला तुमच्याकडे एक चिठोरं नसेल. गाडी कायमची निकामी झाली तर मालकाने चौदा दिवसांत आरटीओला कळवावं, असं मोटार वाहन कायद्याचं कलम ५५ सांगतं. ते याच कारणासाठी.

या दोन्हींपैकी काय निवडायचं त्यात मी पडणार नाही. त्यासाठी तुम्हाला आणि आईंना हवा तो वेळ घ्या. झाकण मात्र तेवढा वेळ थांबू शकत नाही, म्हणून या दोन गोष्टी मी वेगळ्या करतोय. टाकी धुण्याची तारीख रविवार, १४ डिसेंबर ठरली आहे. त्याआधी गाडी झाकणावरून हलायला हवी, एवढंच आज मागतो. पंपरूमच्या मागे, भिंतीला लागून, जुना जनरेटर होता ती जागा रिकामी आहे. आगीचा बंब जिथून फिरतो त्या वाटेत ती येत नाही, हे मोजून पाहिलं आहे. कमिटीने ठराव करून ती जागा तुमच्या गाडीसाठी ३१ जानेवारीपर्यंत मोकळी ठेवली आहे. तिचा चार्ज घेणार नाही.

हलवायचं कसं, तेही गॅरेजवाल्याशी ठरवलंय. मागची बाजू जॅकवर घ्यायची, चाकं काढायची, ड्रमवर हलक्या हाताने हातोडी मारून शू सुटतात का पाहायचं. सुटले तर चाकं लावून, टायरमध्ये हवा भरून, ढकलत न्यायची. नाहीच सुटले तर चारी टायरखाली लहान चाकांच्या लोखंडी ट्रॉल्या सरकवून गाडी तशीच फिरवायची. साखळी लावून ओढायची नाही, त्याने जखडलेली चाकं फरशीवर घासत जातील आणि झाकणाला तडा जाईल. जॅक झाकणावर टेकवायचा नाही, हेही त्याला दोनदा सांगितलंय. दोन तासांचं काम आहे. त्याची मजुरी सोसायटी देईल.

एक गोष्ट राहिली. किल्ली घेऊन दार उघडलं तेव्हा आतलं काहीच आम्ही हलवलं नाही. डॅशबोर्डवर अण्णांचा छोटा गणपती आहे, त्याच्यापुढे वाळलेलं जास्वंदीचं फूल. गॉगलच्या कप्प्यात त्यांचा चष्मा आहे. मागच्या सीटवर छत्री. दाराच्या खणात एक वही आहे, त्यात प्रत्येक वेळी भरलेलं पेट्रोल आणि किलोमीटर त्यांनी तारखेसह लिहिलेत, शेवटची नोंद मे २०२४ ची आहे.  हे सगळं गाडी हलवायच्या आधी तुम्ही स्वतः येऊन घरी न्यावं. दुसऱ्या कुणी त्याला हात लावू नये असं मला वाटतं.

येत्या रविवारी, १६ तारखेला, सकाळी सात वाजता मी खाली असेन. गॅरेजवाला आठला येणार आहे. मधला तासभर आपल्या दोघांचा. आईंना यायचं असेल तर त्यांच्यासाठी खुर्ची काढून ठेवतो. १६ जमणार नसेल तर २३ सांगा, पण शुक्रवारपर्यंत कळवा, म्हणजे गॅरेजवाल्याला तसं सांगता येईल.

तुमचा,
सचिव
(व्यवस्थापक समितीच्या वतीने)